पहिलं सेव्हिंग खातं उघडलंय? चक्रवाढ व्याजाच्या या चुका टाळा

माझ्या भाचीने खातं उघडून त्यात १०,००० टाकले. दर ४ टक्के, म्हणून पहिल्या व्याजाला ४०० येणार असं धरून बसली होती, आणि आले ३३.९७! मग घरभर एकच आरडाओरडा, बँकेने फसवलं म्हणून. कुणी फसवलं नव्हतं, तिचंच गणित चुकत होतं.

पहिली चूक म्हणजे तो ४ टक्के दर वर्षाचा असतो, महिन्याचा नाही. तिच्या बँकेत व्याज दर तीन महिन्यांनी जमा होतं, म्हणजे पूर्ण तिमाहीचे साधारण १०० झाले असते, पण खातं उघडलं होतं तिमाही संपायला ४० दिवस उरले असताना.

दुसरी चूक मोठी, आणि ही मोठी माणसंही करतात. शेवटच्या दिवशी खात्यात किती आहेत यावर व्याज मिळतं असं वाटतं. तसं नाही, बऱ्याच बँका रोज दिवसअखेरची शिल्लक बघतात. भाचीचे २५ दिवस १०,००० होते, मग तिने ६,००० काढले आणि उरलेले १५ दिवस ४,०००च राहिले. आता प्रत्येक दिवसाची शिल्लक एकाखाली एक लिहून बेरीज केली तर २,५०,००० अधिक ६०,०००, म्हणजे ३,१०,०००. त्याला ४ टक्क्यांनी गुणून ३६५ ने भागलं की बरोब्बर ३३.९७ येतात. तुझं व्याज कमी वाटत असेल तर आधी स्टेटमेंट काढ आणि हेच करून बघ, मग बँकेशी भांड.

आता यात चक्रवाढ कुठे आली? व्याज रोज मोजतात खरं, पण ते मुद्दलात मिसळतं जमा होईल त्या दिवशीच, आणि तिथून पुढे त्यावरही व्याज सुरू होतं. १०,००० ला हात नाही लावला तर तिमाहीला १००, मग १०१, मग १०२.०१, मग १०३.०३. वर्षाचे झाले ४०६.०४, म्हणजे साध्या व्याजापेक्षा जेमतेम ६ जास्त. हे बघून बरेच जण म्हणतात, हॅ, एवढंच? आणि व्याज आलं की लगेच काढून उडवतात. ही तिसरी चूक, कारण असंच १० वर्षं केलं तर एकूण व्याज ४,००० मिळतं, तेच खात्यात राहू दिलं तर, दर तोच धरून, सुमारे ४,८८९. हा फरक पहिल्या वर्षात दिसतच नाही, शेवटच्या काही वर्षांत वाढतो.

आणि हो, किमान शिल्लक नाही ठेवली म्हणून १०० चा दंड बसला तर अख्ख्या तिमाहीचं व्याज गेलं, त्यामुळे खातं उघडतानाच हा नियम विचारून घे. भाचीने विचारला नव्हता, पण तिच्या खात्याला ती अट नव्हती म्हणून वाचली.