जॉइनिंगचा मेल आला की आधी नावं जुळवा

शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत मी एचआरचं काम पाहते. नव्याने लागलेल्या मुलामुलींना जॉइनिंगचा मेल मीच पाठवते. मजकूर साधारण असा असतो:

"आपण 15 जुलै रोजी सकाळी 8:30 वाजता मुख्य गेटवर हजर राहावे. येताना आधार, पॅन, दहावी व डिप्लोमाची मार्कशीट, रद्द केलेला चेक आणि 4 फोटो आणावेत. मूळ कागद फक्त पडताळणीसाठी लागतील, झेरॉक्सवर सही करून आणावी. पोशाख फॉर्मल, पायात बंद बूट. अडचण असल्यास एचआर किंवा विभागप्रमुखांना कळवावे."

बहुतेक जण "ओके मॅडम" एवढं उत्तर पाठवतात आणि आदल्या रात्री कागद शोधायला बसतात. कागद सापडतात, पण त्यावरची नावं जुळतात का हे कुणी बघत नाही. खरी अडचण तिथेच होते.

पन्हाळ्याकडचा एक मुलगा आमच्याकडे लागला. वडिलांचं नाव बाळासाहेब. आपल्याकडे बाळासाहेबांचं बाळासो आणि आप्पासाहेबांचं आप्पासो सहज होतं, त्यात कुणाला वावगं वाटत नाही. त्याच्या आधारवर मधलं नाव Balaso होतं, मार्कशीट आणि पॅनवर Balasaheb, आणि बँकेच्या पासबुकावर नुसतं B. त्याची पहिलीच नोकरी असल्यामुळे पीएफचा यूएएन नंबर नव्याने काढायचा होता. फॉर्म 11 मध्ये त्याने सवयीने मार्कशीटवरचं नाव लिहिलं. यूएएन निघतो तो आधारवरून, त्यामुळे पोर्टलने ते नाव स्वीकारलं नाही. आधारप्रमाणे भरलं असतं तर नंबर निघाला असता, पण पुढे पॅन जोडताना तीच अडचण आली असती. शिवाय पगारातून कापलेला पीएफ पुढच्या महिन्याच्या 15 तारखेपर्यंत भरायचा असतो, म्हणून आमचीही घाई होती.

शेवटी शाळेपासूनचं नाव कायम ठेवायचं ठरलं. त्याने पॅनचा पुरावा जोडून आधारवरचं नाव बदलून घेतलं, मग बँकेत अर्ज दिला. आधारवरचं नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, म्हणून कुठलं नाव पक्कं करायचं ते घरच्यांशी बोलूनच ठरवा. या सगळ्यात त्याचे काही आठवडे गेले आणि दर दोन दिवसांनी सुट्टी मागताना तो संकोचायचा, ते बघून मलाच वाईट वाटायचं.

म्हणून मेल आला त्याच दिवशी आधार, पॅन, दहावीची मार्कशीट आणि पासबुक शेजारीशेजारी ठेवा. चारही ठिकाणचं इंग्रजी स्पेलिंग कागदावर एकाखाली एक लिहा, जन्मतारखाही लिहा. फरक दिसला तर लगेच कळवा: "मॅडम, आधारवर वडिलांचं नाव Balaso आहे, पॅनवर Balasaheb आहे. फॉर्म कुठल्या नावाने भरू?" एवढ्यासाठी कुणी जॉइनिंग रद्द करत नाही. उलट फॉर्म चुकीचा भरला जाण्याआधी आम्हाला अडचण कळते.

कपड्यांबद्दल मेलमध्ये एकच शब्द असतो, पण त्यावर थोडं सांगायला हवं. सकाळी तुम्ही ऑफिसात बसाल, दुपारी कदाचित मेल्टिंगकडे नेतील. तिथे वितळलेल्या लोखंडाचे थेंब उडतात. टेरिकॉट किंवा पॉलिस्टरचा शर्ट ठिणगीने वितळून कातडीला चिकटतो, सुती तसा वितळत नाही. म्हणून पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट आणि जाड सुती पँट घाला. मुलींनी ओढणी टाळावी, केस घट्ट बांधावेत. सेफ्टी शूज कंपनी देते, पण तुमच्या मापाचा जोड त्या दिवशी असेलच असं नाही, म्हणून माप मेलच्या उत्तरातच कळवा.

8:30 म्हणजे गेटवर 8:30. वहीत नोंद, बॅगेची तपासणी आणि पास यातच पंधरावीस मिनिटं जातात. गेटवर "एचआरकडे आलोय" म्हणून भागत नाही, कुणाकडे आलोय ते नाव सांगावं लागतं. म्हणून एचआर आणि विभागप्रमुख, दोघांची नावं आणि नंबर फोनमध्ये सेव्ह करा, शिवाय कागदावर लिहून खिशात ठेवा.

कोल्हापुरातून येणाऱ्यांनी पावसाळ्यात आणखी एक बघावं. तावडे हॉटेलवरून पुढे आलं की पंचगंगेचा पूल लागतो, आणि 2019 आणि 2021 च्या महापुरात शिरोलीजवळ हायवेच पाण्याखाली गेला होता. नदी चढत असेल तर आदल्या संध्याकाळीच विभागप्रमुखांना फोन करा आणि एचआरला मेल टाका. रस्ता बंद असल्याचं लिहा आणि जॉइनिंगची नवी तारीख लेखी मागून घ्या, कारण पगार आणि पीएफ त्याच तारखेपासून धरला जातो.