सात तासांची बस पावणेअकरा तासांनी पोहोचली: तक्रारपत्राआधीची तयारी

पत्र लिहायला बसण्याआधी एक गोष्ट स्वतःशी पक्की करा: तुमची तक्रार बस उशिरा आली अशी आहे, की जाहिरातीतली वेळच खोटी होती अशी आहे? वाचायला दोन्ही सारखंच वाटतं, पण उत्तरं अगदी वेगळी येतात. 'उशीर झाला' म्हटलं की कंपनीकडे 'वाहतूक कोंडी, हवामान, आमच्या हातात नव्हतं' हे तयार उत्तर असतं आणि तुमचं प्रकरण तिथंच मिटतं. 'रस्ता पूर्ण मोकळा असता तरी तुम्ही सांगितलेल्या वेळेत ही बस पोहोचलीच नसती' असं दाखवलंत, तर मात्र कोंडीचं कारण पुरत नाही. पुढची सगळी तयारी या एका वाक्यासाठी आहे.

सगळ्यात आधी जाहिरात हाताशी घ्या, आणि तीही आजच. तक्रार गेल्यावर संकेतस्थळावरची वेळ गुपचूप बदलली जाऊ शकते, मग तुम्ही काय पाहून तिकीट काढलंत हे दाखवायला काहीच उरत नाही. ज्या पानावर प्रवासाचा कालावधी दिसतो त्याचा पूर्ण स्क्रीनशॉट घ्या, त्यात तारीख आणि पानाचा पत्ता दिसला पाहिजे. तिकीट, तिकीट काढल्यावर आलेला मेसेज आणि ईमेल हे त्याच्या जोडीला ठेवा. तिकिटावर पोहोचण्याची वेळ छापलेली असेल तर ती जाहिरातीपेक्षा जास्त वजनदार, कारण ती खास तुम्हाला दिलेली असते. रात्रीच्या बसची तारीख नीट तपासा. बारानंतरची वेळ दुसऱ्या दिवशीची असते, आणि या साध्या चुकीने चांगलं पत्र हास्यास्पद होतं.

आता बघा की तो कालावधी कुठून कुठपर्यंतचा आहे. खरी गोम बहुतेकदा इथे असते. जाहिरातीतला आकडा कधी शहरातल्या शेवटच्या पिकअपपासून मुक्कामाच्या शहरातल्या पहिल्या ड्रॉपपर्यंतचा असतो. तुम्ही मात्र पहिल्या पिकअपला चढलात आणि शेवटच्या ड्रॉपला उतरलात. त्यामुळे तुमच्या तिकिटावरचे चढण्या-उतरण्याचे नेमके थांबे आणि त्यांच्या वेळा लिहून काढा. कालावधी कशावरून मोजला हे जाहिरातीत कुठेच सांगितलेलं नसेल, तर तेच तुमच्या पत्रातलं एक वाक्य झालं.

मग प्रवासाचा खरा हिशेब मांडा. आठवणीवर विसंबू नका. घरच्यांना पाठवलेला 'आत्ता निघाली एकदाची' हा मेसेज, जेवणाच्या थांब्यावर काढलेला फोटो, फोनमधली लोकेशनची नोंद, बसच्या लाइव्ह ट्रॅकिंगचा स्क्रीनशॉट, या सगळ्यांवर वेळ असते. त्या वेळा एकाखाली एक मांडल्या की प्रवासाचे तुकडे दिसू लागतात.

माझ्या पत्रातला हिशेब सांगतो. जाहिरात सात तासांची, रात्री दहा ते पहाटे पाच. उतरलो सकाळी आठ पन्नासला, म्हणजे दहा तास पन्नास मिनिटं. बस पहिल्याच थांब्यावरून 25 मिनिटं उशिरा सुटली. शहरात पिकअप घेत फिरण्यात 75 मिनिटं गेली, दोन थांब्यांत मिळून 60, मुक्कामाच्या शहरात ड्रॉप देत जाण्यात 35. महामार्गावर एका अपघातामुळे 45 मिनिटं अडकलो. उरलेले सहा तास पन्नास मिनिटं बस 420 किलोमीटरच्या महामार्गावर धावत होती, म्हणजे सरासरी ताशी साधारण 61 किलोमीटर. ड्रायव्हरने काही रेंगाळत चालवली नव्हती.

आता यातलं कंपनीच्या बाजूचं आपणच आधी देऊन टाका. सुटायला झालेला उशीर आणि अपघाताची कोंडी, एकूण 70 मिनिटं, मी हिशेबातून काढून टाकली. तरीही नऊ तास चाळीस मिनिटं उरली, सांगितल्यापेक्षा दोन तास चाळीस मिनिटं जास्त. पिकअप, थांबे आणि ड्रॉप यांची 170 मिनिटं तर रोजचीच आहेत. ती सात तासांतून वजा केली की महामार्गासाठी चार तास दहा मिनिटं उरतात. एवढ्यात 420 किलोमीटर जायचे तर बसला सरासरी ताशी शंभर किलोमीटरने धावावं लागेल. त्या रस्त्यावर बससाठी वेगमर्यादा किती आहे ते शोधा आणि या आकड्याशेजारी लिहा. माझ्या बाबतीत मर्यादा पाळून ते वेळापत्रक गाठणं शक्यच नव्हतं. हे वाक्य मी पत्रात सगळ्यात वर ठेवलं.

एका रात्रीचा पुरावा 'तो दिवसच वाईट होता' म्हणून उडवता येतो. म्हणून त्याच बसचं लाइव्ह ट्रॅकिंग सर्वांना दिसत असेल तर पुढचे पाच-सात दिवस ती कधी पोहोचते ते पाहून नोंदवा. सहप्रवाशांपैकी कुणाचा नंबर घेतला असेल तर विचारा. रोज नऊ-साडेनऊ तास लागत असतील तर तुमचा मुद्दा उभा राहतो. पण बाकीच्या दिवशी बस साडेसात तासांत पोहोचत असेल, तर प्रामाणिकपणे तक्रार बदला आणि फक्त त्या रात्रीच्या उशिराबद्दल लिहा.

अटी-शर्ती वाचून ठेवा. 'वेळा अंदाजे आहेत' अशी ओळ त्यात बहुधा सापडेलच. तिला घाबरू नका, पण ती माहीतच नसल्यासारखंही लिहू नका. अंदाज अर्धा-पाऊण तास चुकू शकतो, हे मान्य करा. रोज एकाच दिशेने अडीच तास चुकणाऱ्या आकड्याला अंदाज कसा म्हणायचा, हा प्रश्न मात्र विचारा.

मागणी ठरवल्याशिवाय पत्र धाडू नका. 'योग्य ती कारवाई व्हावी' या मागणीला 'दखल घेतली आहे' एवढंच उत्तर येतं. मागण्या वेगवेगळ्या लिहा: भाड्याचा अमुक भाग परत, पुढची गाडी चुकल्यामुळे झालेला खर्च पावतीसह, आणि जाहिरातीतली वेळ दुरुस्त करणं. शेवटची मागणी पैशांची नसल्यामुळे लोक गाळतात. ती गाळू नका, कारण वेळ बदलली गेली तर ती चुकीची होती याची ती एक प्रकारे कबुलीच ठरते. मनस्तापाचा आकडा फुगवून टाकलात तर पावतीवाल्या खर्चाकडेही संशयाने पाहिलं जातं.

तिकीट एखाद्या बुकिंग साइटवरून काढलं असेल तर पत्र बसकंपनीला लिहा आणि प्रत साइटला द्या, नाहीतर दोघंही एकमेकांकडे बोट दाखवतात. पत्र एका पानाचं, जोडपत्रांना क्रमांक, आणि उत्तरासाठी नेमकी तारीख. फोनवर बोलणं झालं तर लगेच 'आज आपलं असं बोलणं झालं' असा ईमेल टाका. उत्तरात कूपन आलं तर त्याखालची बारीक अक्षरं वाचा. 'ही तक्रार पूर्णपणे निकाली' असं तिथे असेल, तर कूपन वापरण्याआधी उरलेल्या मागण्यांचं काय, हे लेखी विचारा.