पॉडकास्टच्या शो नोट्स लिहिताना पाहुण्यांच्या स्लाइड्सवर विसंबता? या चुका टाळा

पाहुण्यांनी भाषणासाठी वापरलेल्या स्लाइड्स हाताशी असल्या की शो नोट्सचं निम्मं काम झालं असं वाटतं. स्लाइडचं शीर्षक उचलायचं, शेजारी अंदाजाने वेळ टाकायची, झालं! पण स्लाइड्सचा क्रम सभागृहासाठी लावलेला असतो आणि गप्पा त्या क्रमाने जात नाहीत. नावं, शुद्धलेखन आणि आकडे स्लाइड्समधून घ्यावेत. क्रम आणि वेळ मात्र फक्त आवाजातून.

समजा, विषय आहे ठिबकवरचा ऊस आणि स्लाइड्स आहेत २४. त्यांचा क्रम असा: पाण्याची गरज, सरीतलं अंतर, विद्राव्य खतं, खर्च, अनुदान. होस्टने दहाव्या मिनिटाच्या आसपासच विचारलं, "सर, एकरी खर्च किती येतो?" पाहुणे सातव्या स्लाइडवरून थेट अठराव्या स्लाइडच्या विषयावर गेले, तिथून खतांवर आले आणि सरीतल्या अंतराचं शेवटी दोन वाक्यांत उरकलं. चार स्लाइड्सचा तर उल्लेखही झाला नाही. आता नोट्समध्ये "सरीतलं अंतर" हा मुद्दा ठळक दिसला, तर श्रोता तो शोधत बसणार. दोन वाक्यांच्या विषयाला वेगळी वेळ देऊच नये, आणि जे बोललंच गेलं नाही ते मुद्द्यांतही घेऊ नये.

वेळा कुठून घ्यायच्या

संपादन झालेली अंतिम फाइल ऑडॅसिटीत उघडा. ऐकता ऐकता विषय बदलला की `Ctrl+M` दाबा आणि लेबलमध्ये स्लाइडचा क्रमांक लिहा. शेवटी लेबलं एक्स्पोर्ट केली की सेकंदांत वेळा मिळतात: ५९८ म्हणजे ९ मिनिटं ५८ सेकंद. खूण होस्टच्या प्रश्नाच्या सुरुवातीला हवी. उत्तरावर ठेवली तर श्रोता थेट "त्याचं असं आहे की..." वर येऊन पडतो.

कच्च्या रेकॉर्डिंगवरून घेतलेल्या वेळा हमखास चुकतात. कच्च्या फाइलमध्ये अनुदानाचा विषय २७:४० ला आहे. सुरुवातीला ३८ सेकंदांची धून जोडली आणि अनुदानाच्या विषयाआधीच्या गप्पांतून २ मिनिटं १५ सेकंद कापली, तर खरी वेळ २६:०३.

चूक कुठली आहे ते फरकावरून कळतं. तीन वेळा तपासा: सुरुवातीची, मधली, शेवटची. तिन्ही सारख्याच सेकंदांनी चुकत असतील, तर सुरुवातीची धून किंवा ओळख मोजायची राहिली आहे. फरक टप्प्याटप्प्याने बदलत गेला, तर मधले काप धरलेले नाहीत. तुमच्या फाइलवर सगळं बरोबर आणि अॅपवर मात्र मधूनच पुढे सरकलेलं दिसलं, तर होस्टिंग सेवा मध्ये जाहिराती घालते आहे. त्या प्रत्येक श्रोत्याला वेगळ्या लांबीच्या येऊ शकतात, त्यामुळे वेळा दुरुस्त करून उपयोग नाही. नोट्समध्ये "जाहिरातींमुळे वेळा थोड्या मागेपुढे होऊ शकतात" अशी एक ओळ टाका.

यूट्यूबवर भाग दिसत नाहीत तेव्हा

```
0:00 ओळख
2:10 उसाला पाणी किती लागतं
9:58 ठिबकचा एकरी खर्च
17:25 विद्राव्य खतं कधी सोडायची
26:03 अनुदान कोणाला, किती
```

व्हिडिओच्या वर्णनात वेळांची अशी यादी टाकली की यूट्यूब त्यावरून व्हिडिओचे भाग पाडतं. त्यासाठी पहिली वेळ `0:00` हवी, किमान तीन वेळा चढत्या क्रमाने हव्यात आणि प्रत्येक भाग निदान १० सेकंदांचा हवा. बाकी मजकूर मराठीत असला तरी वेळेचे अंक इंग्रजीच ठेवा. तासाच्या पुढे गेलात तर `1:02:10` असं लिहा. `62:10` वाचणाऱ्याला उगाच हिशेब करायला लावतं.

स्लाइड एक सांगते, पाहुणे दुसरं

अनुदानाच्या स्लाइडवर ५५ टक्के लिहिलेलं आहे आणि पाहुणे बोलले ८० टक्के. पटकन स्लाइडवरचा आकडा खरा धरला जातो, कारण तो छापील दिसतो. इथे दोन्ही बरोबर असू शकतं: अल्प व अत्यल्प भूधारकांना केंद्राच्या योजनेतून ५५ टक्के आणि महाराष्ट्राचं पूरक २५ टक्के मिळून ८०. नोट्समध्ये नुसतं "८० टक्के अनुदान" लिहिलं, तर मोठ्या शेतकऱ्याचाही गैरसमज होतो. आकडा, तो कोणासाठी आणि कोणत्या वर्षाचा, असं पाहुण्यांकडून एका ओळीत पक्कं करून घ्या.

"ही लाल रेघ बघा" असं पाहुणे म्हणाले, तर ऐकणाऱ्यासमोर रेघ नसते. आलेख काय सांगतो ते त्या वेळेखाली एका वाक्यात लिहा. आलेखाचं चित्र किंवा अख्खी फाइल जोडायची असेल तर आधी विचारा, आणि लपवलेल्या स्लाइड्स व खालची वक्त्याची टिपणं काढलेली पीडीएफच मागवा. त्या टिपणांत कधी कधी "हे बाहेर बोलायचं नाही" असंही लिहिलेलं असतं.