पैशांमुळे सहलीला नकार देताना

मित्रमंडळींच्या सहलीचा खर्च झेपणारा नसेल, तर तिकिटे आणि खोल्या आरक्षित होण्यापूर्वीच तसे कळवावे, कारण नंतर माघार घेतल्यास माणशी वाटणी बदलते आणि आपल्या वाट्याचा भार इतरांवर पडतो. "बघू", "जमलं तर येतो" असे म्हणत राहिल्यास सगळा हिशेब आपल्याला धरूनच होतो.

निरोप गटात न टाकता आयोजन करणाऱ्याला एकट्याला पाठवावा आणि तो तीन वाक्यांचा असावा: "आठवणीनं विचारलंस, बरं वाटलं. हा खर्च सध्या माझ्या बजेटमध्ये बसत नाही, म्हणून या वेळी मी येत नाही. मला न धरता बुकिंग करा." माझ्या मते यातले शेवटचे वाक्य सर्वांत महत्त्वाचे, कारण त्याने विषय पुढे सरकतो. पगार, हप्ते, घरची अडचण असा तपशील दिला, की ऐकणारा प्रत्येक अडचणीवर तोडगा सुचवू लागतो. खोटे कारण त्याहून गैरसोयीचे ठरते. रजा मिळत नाही असे सांगितले आणि मित्रांनी आपल्यासाठी तारीखच पुढे ढकलली, तर दुसरे कारण शोधण्याची वेळ येते.

"तुझे पैसे आम्ही भरतो, नंतर दे" हा आग्रह आपुलकीचाच असतो, परंतु ती उधारीच असते. "मनापासून आभार, पण उधारीवर यायचं नाही असं मी ठरवलंय," एवढेच म्हणावे आणि पुन्हा विचारणा झाल्यास नवे कारण न जोडता तेच वाक्य शांतपणे सांगावे.