इडली, डोसा, पराठा, उपमा की अंडी? मधुमेहात नाश्ता मोजून कसा ठरवावा

माझी मावशी 58 वर्षांची आहे. तिला टाइप 2 मधुमेह आहे आणि गोळी फक्त मेटफॉर्मिनची. सकाळी ती चार इडल्या, एक वाटी सांबार, खोबऱ्याची चटणी आणि एक चमचा साखरेचा चहा घ्यायची. इडलीत तेल नाही, वाफवलेली, म्हणून हलकी, असं तिचं म्हणणं. एकदा तिची साखर मोजली. खाण्याआधी 122 होती, दोन तासांनी 214. पुढच्या आठवड्यात लोणी लावलेले बटाट्याचे दोन पराठे खाऊन तिने पुन्हा मोजली, तर दोन तासांनी 172. मग काय, तिने घरात जाहीर करून टाकलं की पराठाच बरा.

तिचा निष्कर्ष चुकला होता. कुठे चुकला ते कळलं की या पाचही पदार्थांतून आपल्यासाठी नाश्ता निवडता येतो.

आधी एक सूचना. तुम्ही इन्सुलिन घेत असाल किंवा ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड यांसारख्या साखर थेट उतरवणाऱ्या गोळ्या घेत असाल, तर नाश्त्यातलं धान्य एकदम निम्मं करू नका. औषधाचा डोस जुन्या ताटाच्या हिशेबाने ठरलेला असतो. धान्य कमी झालं आणि डोस तोच राहिला, तर साखर 70 च्या खाली जाऊ शकते. बदल करण्याआधी डॉक्टरांशी बोला. हात थरथरू लागले, घाम फुटला, घाबरल्यासारखं झालं तर आधी मोजा. 70 च्या खाली असेल तर तीन चमचे ग्लुकोज किंवा साखर पाण्यातून घ्या आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा. मोजायला यंत्र जवळ नसेल तर साखर आधी घ्या.

पायरी 1: सकाळची साखर म्हणजे कोणती, ते वेगळं करा

उपाशीपोटीची साखर आजच्या नाश्त्याने ठरत नाही, कारण नाश्ता अजून पोटात गेलेलाच नसतो. पहाटे शरीरात कॉर्टिसोल आणि वाढीचं संप्रेरक वाढतं, यकृत साखर रक्तात सोडतं आणि इन्सुलिनचा जोर त्या वेळी कमी पडतो. म्हणून रात्री काही न खाताही सकाळी आकडा चढलेला दिसतो. आकडा जास्त दिसला म्हणून काही जण नाश्ताच टाळतात. त्याने बऱ्याचदा उपयोग होत नाही, कारण यकृताचं काम चालूच राहतं आणि दुपारी भूक लागली की ताट दुप्पट भरतं.

नाश्त्याने ठरते ती नंतरची चढण. पहाटेचा तो अडसर सकाळी उशिरापर्यंत टिकतो. त्यामुळे रात्रीच्या जेवणात जेवढं धान्य चालतं, तेवढंच सकाळी घेतलं तर पुष्कळांची साखर जास्त चढते. म्हणून दिवसभरात धान्य कुठे कमी करायचं असेल, तर आधी नाश्त्यात करा.

पायरी 2: पदार्थ नव्हे, कोरडं धान्य मोजा

हे एकदाच करायचं आहे. स्वयंपाकघरातला वजनकाटा पुरतो.

इडलीचं उदाहरण घेऊ. 300 ग्रॅम तांदूळ आणि 100 ग्रॅम उडीद डाळ भिजवली, तर दोन्हीत मिळून साधारण 290 ग्रॅम कर्बोदकं असतात. त्या पिठाच्या 28 इडल्या झाल्या, तर एका इडलीत दहा ग्रॅम. मावशीच्या चार इडल्यांचे चाळीस झाले, सांबाराचे दहाएक, चहाचे पाचेक. तेल नसलं म्हणून साखर कमी चढत नाही. उलट तांदूळ दळलेला, वाफेवर पूर्ण शिजलेला असतो, त्यामुळे त्यातला स्टार्च भराभर साखरेत बदलतो. चढण अडवायला सोबत फारसं काही नसतं.

डोसा त्याच पिठाचा असतो. तो पातळ आणि कुरकुरीत दिसतो म्हणून फसायला होतं. आपल्या पळीने किती इडल्यांचं पीठ तव्यावर पडतं, ते एकदा इडलीपात्रात ओतून बघा. मोठ्या डोशाला तीन इडल्यांचं पीठ सहज लागतं, आणि मसाला डोशात वर बटाट्याची भाजी असते. तेलामुळे चढण थोडी सावकाश होते, पण कर्बोदकं तेवढीच राहतात.

पराठ्याला 40 ग्रॅम कणीक घेतली तर अठ्ठावीसएक ग्रॅम कर्बोदकं होतात. सारणात 50 ग्रॅम उकडलेला बटाटा घातला की आणखी दहा. म्हणजे मावशीच्या दोन पराठ्यांत पंचाहत्तरच्या आसपास, चार इडल्यांच्या ताटापेक्षाही जास्त. मेथी, मुळा किंवा पनीरच्या सारणाने बटाट्याचे दहा वाचतात, कणकेचे नाहीत.

उपम्याचा अंदाज डोळ्यांनी लागत नाही, कारण रवा पाणी पिऊन फुगतो. कोरडा रवा मोजा: 40 ग्रॅममध्ये साधारण 29 ग्रॅम कर्बोदकं. हाताला सैल असलेल्या घरात एका माणसाला 60 ते 70 ग्रॅम रवा जातो आणि वर शेवही पडते. जाड रवा बारीक रव्यापेक्षा थोडा सावकाश पचतो, पण तेवढ्या भरवशावर वाटी वाढवू नये.

अंड्यात कर्बोदकं एक ग्रॅमही नसतात आणि प्रथिनं सहाएक ग्रॅम असतात. अंड्याने साखर जवळजवळ चढत नाही. चढते ती अंड्यासोबतच्या पावाने. तीन स्लाइस पावासोबत ऑम्लेट खाल्लं, तर तो नाश्ता पावाचाच.

पायरी 3: दोनदा नाही, तीनदा मोजा

हात साबणाने धुऊन कोरडे करा. बोटाला फळाचा रस लागलेला असला तरी आकडा खोटा चढतो. पहिलं रीडिंग खाण्याआधी घ्या. दुसरं पहिल्या घासापासून दोन तासांनी. खाणं संपल्यापासून नव्हे, पुष्कळ जण इथेच चुकतात. मधल्या वेळात आणखी काही खाऊ नका आणि रोजच्यापेक्षा जास्त चालू नका, नाहीतर तुम्ही नाश्ता नाही, चाल मोजाल.

पराठा, भरपूर तेलाचा डोसा किंवा लोणी असेल त्या दिवशी तिसरं रीडिंग चार तासांनी घ्या. मावशीच्या गोंधळाचं उत्तर इथेच मिळालं. पराठ्यांनंतर दोन तासांनी 172 असलेली साखर चार तासांनी 203 निघाली. चरबीमुळे पोट सावकाश रिकामं होतं, त्यामुळे साखर उशिरा येते. इडलीची चढण दोन तासांच्या आत उभी राहते, पराठ्याची दुपारच्या जेवणापर्यंत लांबते, आणि मग जेवणाची साखर तिच्यावर चढते. पराठ्याच्या दिवशी दुपारची साखर अकारण जास्त दिसत असेल, तर सकाळचं ताट आठवा.

ग्लुकोमीटरच्या आकड्यात दहा-पंधरा टक्के इकडेतिकडे होणं मान्य धरलेलं असतं. म्हणून 160 आणि 172 यांच्यात निवड करू नका. प्रत्येक ताट वेगवेगळ्या दोन दिवशी तपासा आणि दोन्ही वेळा दिशा एकच दिसली तरच विश्वास ठेवा. आदल्या रात्री झोप झाली नसेल, ताप असेल किंवा स्टिरॉइड चालू असेल, तर त्या दिवसाचं रीडिंग मोजूच नका.

पायरी 4: आकडा कसा वाचायचा

नंतरची साखर बहुतेक प्रौढांसाठी 180 च्या आत असावी, असं सर्वसाधारण लक्ष्य आहे. ते मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर या मापात आहे. गरोदरपणात ही मर्यादा बरीच कडक असते, आणि वयस्कर माणसांसाठी डॉक्टर ती सैल ठेवतात. मी मात्र आधी फरक बघतो. सुरुवात 155 ने झाली आणि नंतर 190 आली, तर नाश्त्याने पस्तीसच चढवले. तो नाश्ता बरा आहे, दुरुस्ती रात्रीच्या जेवणात किंवा औषधात हवी. सुरुवात 105 ने होऊन नंतर 178 आली, तर आकडा मर्यादेत असूनही ताट जड आहे. फरक 50 च्या आत राहिला की मी ते ताट यादीत ठेवतो. हा माझा घरगुती हिशेब आहे, वैद्यकीय नियम नाही.

पायरी 5: आवडता पदार्थ ठेवा, ताट बदला

मावशीला इडली सोडायची नव्हती. आम्ही दोन इडल्या ठेवल्या. सांबार पळीवाढं न करता डाळ जास्त घालून घट्ट केलं, त्यात दुधी आणि शेवग्याच्या शेंगा घातल्या, आणि एक उकडलेलं अंडं दिलं. चहातली साखर गेली. अंडं आणि सांबारातल्या भाज्या आधी, इडली शेवटी. असा क्रम ठेवला की बऱ्याच जणांची चढण कमी होते. खाण्याआधी 118 होती, दोन तासांनी 158. चार दिवसांनी पुन्हा मोजली, तेव्हा फरक 44 चा होता.

उपम्यालाही हीच युक्ती चालली. 35 ग्रॅम रवा, रव्याहून जास्त मटार-गाजर-फरसबी, मूठभर शेंगदाणे, बाजूला वाटीभर दही. तो पूर्वीच्या उपम्याहून कमी मऊ होतो आणि मावशी त्याला 'भाजीचा उपमा' म्हणून नाक मुरडते, पण फरक 47 वर आला. डोशाच्या दिवशी दोन इडल्यांच्या पिठाचा एकच डोसा, सारण बटाट्याऐवजी पनीर किंवा अंड्याचं.

पराठा आठवड्यातून एकदाच राहिला: 40 ग्रॅम कणकेचा एक, मेथी-पनीरचा, चमचाभर तेलावर भाजलेला, सोबत दही. त्या दिवशी चार तासांचंही रीडिंग घेतलं. तिथे 149 आली आणि मावशी खूश झाली.

उरली अंडी. दोन अंड्यांचं ऑम्लेट आणि पावाऐवजी एक लहान पोळी, यावर तिचा फरक जेमतेम 25 राहिला, पाचही ताटांत सर्वांत कमी. तरी तिने रोज अंडी घेतली नाहीत. तिचं कोलेस्टेरॉल जास्त आहे, म्हणून अंडी आठवड्यातून किती दिवस घ्यायची ते तिने डॉक्टरांना विचारून ठरवलं. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर प्रथिनं वाढवण्याआधीही तसंच विचारायला हवं.

आता तिच्या फ्रिजवर एक कागद चिकटवलेला आहे. त्यावर ताट, आधीची साखर, नंतरची साखर आणि फरक असे चार रकाने आहेत. गोळी बदलली की ती जुना कागद काढते आणि इडलीपासून पुन्हा मोजायला घेते.