नॉमिनी आधी तपासा, मग मृत्युपत्र लिहा: बँकेतले आणि विम्याचे पैसे खरे कोणाचे?

ऐरोलीतल्या एका कुटुंबाचं उदाहरण घेऊ. कुटुंब काल्पनिक आहे, पण असा गुंता ठाणे-नवी मुंबईत घरोघरी सापडेल. गृहस्थ नोकरदार. लग्नाआधी त्यांनी 40 लाखांची आयुर्विमा पॉलिसी घेतली आणि नॉमिनी म्हणून आईचं नाव दिलं. त्याच सुमारास उघडलेल्या बँक खात्यावर धाकट्या भावाचं नाव होतं, आणि पुढे त्या खात्यातून केलेल्या मुदत ठेवींवरही तेच येत गेलं. ठेव आज 20 लाखांची आहे. मग लग्न झालं, एक मुलगा, एक मुलगी झाली. नावं बदलायची राहून गेली. वडील आधीच वारले होते. आता गृहस्थ अचानक गेले आणि मृत्युपत्र नाही. मागे आई, बायको, मुलगा, मुलगी आणि धाकटा भाऊ.

भाऊ म्हणतो, "वहिनी, ठेवीवर नॉमिनी मी आहे, म्हणजे पैसे मला दिलेत दादाने." बँक पैसे त्यालाच देणार, हे खरं. पण ते त्याचे होत नाहीत. बँकेतल्या नॉमिनीला फक्त पैसे हातात घेण्याचा अधिकार असतो, मालकीचा नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये रामचंदर तलवार खटल्यात हे स्पष्ट केलं. शेअर्सच्या बाबतीत 2023 मध्ये शक्ती येझदानी खटल्यातही न्यायालयाने हाच विचार धरला. नॉमिनेशनमुळे बँक मोकळी होते आणि पैसे अडकून पडत नाहीत. पुढे ते कोणाचे, हे मृत्युपत्र ठरवतं आणि मृत्युपत्र नसेल तर वारसा कायदा.

हिंदू वारसा कायद्याप्रमाणे पुरुष मृत्युपत्र न करता गेला तर पहिल्या वर्गातल्या वारसांना सारखा वाटा मिळतो. मुलगे, मुली, विधवा आणि आई हे त्यातले मुख्य. वडील यात नाहीत, हे पुष्कळांना माहीत नसतं. भाऊ तर नाहीच. म्हणून 20 लाखांच्या ठेवीतले आई, बायको, मुलगा, मुलगी यांचे प्रत्येकी 5 लाख. भावाने पूर्ण रक्कम उचलली तरी ती त्याला या चौघांना द्यावी लागते.

विम्याचं गणित वेगळं आहे आणि बहुतेक लोक इथेच फसतात. 1984 च्या सरबती देवी खटल्यापासून विम्याचा नॉमिनीही नुसता पैसे स्वीकारणारा समजला जाई. पुढे विमा कायद्यातलं कलम 39 बदललं. आता विमाधारकाने आपले आईवडील, पती किंवा पत्नी, अथवा मुलं यांना नॉमिनी केलं असेल, तर त्या नॉमिनीला रकमेवर लाभाचा हक्क मिळतो. म्हणजे पैसे नुसते हातात घ्यायचे नसून स्वतःचे म्हणून मिळतात. पॉलिसी जुनी असली तरी हा नियम लागू होतो, कारण कायदा पॉलिसी कधी घेतली हे न पाहता रक्कम देय कधी झाली हे पाहतो. हाच भाऊ विम्याला नॉमिनी असता, तर मात्र तो पैसे स्वीकारणाराच राहिला असता, कारण भावंडं त्या यादीत नाहीत.

आपल्या उदाहरणात कलमाचा सरळ अर्थ घेतला तर 40 लाख पूर्णपणे आईचे. एकूण 60 लाखांपैकी बायकोच्या वाट्याला 5 लाख येतात. सासू-सुनेचं पटत असेल तर घरातल्या घरात मार्ग निघेलही. पण सासूबाई मृत्युपत्र न करता गेल्या आणि त्या 40 लाखांना हात लागलेला नसला, तर 20 लाख धाकट्या मुलाला आणि 20 लाख मोठ्या मुलाच्या दोन मुलांना जातील. सुनेला त्यातलं काहीच नाही. ज्या बाईच्या संसारातून वर्षानुवर्षं हप्ते गेले, तिच्यापर्यंत पैसा पोचत नाही. कोणी लबाडी केलेली नसते. एक जुना फॉर्म बदलायचा राहिलेला असतो, एवढंच. मला हे फार अन्यायाचं वाटतं, कारण ते टाळायला एक अर्ज पुरेसा असतो.

या कलमावर सगळी न्यायालयं मात्र एकमताची नाहीत. जवळच्या नातेवाइकाला नॉमिनी केलं तरी वारसांचा हक्क बुडत नाही, असा निर्णय कर्नाटक उच्च न्यायालयाने 2025 मध्ये दिला. त्यामुळे सून कोर्टात गेली तर हरेलच असं नाही, आणि जिंकेलच असंही नाही. कुटुंबाला या वादात पडावंच लागू नये, यासाठी हयातीत करायची कामं अशी.

पहिलं काम: प्रत्येक जागी आज कोणाचं नाव आहे ते लेखी पाहा

आठवणीवर विसंबू नका. बचत खातं, प्रत्येक मुदत ठेव, प्रत्येक पॉलिसी यांची नोंद वेगळी असते. बचत खात्याला बायको नॉमिनी आहे म्हणून ठेवीलाही तीच असेल असं नाही. ठेवीची पावती, पासबुक, बँकेचं अॅप आणि पॉलिसीचा दस्तऐवज बघा. पावतीवर नुसतं "नॉमिनेशन नोंदवले आहे" एवढंच छापलं असेल तर शाखेतून नाव मागून घ्या. बँकेचं किंवा विम्याचं नॉमिनेशन लग्न झाल्याने आपोआप रद्द होत नाही. वीस वर्षांपूर्वीचं नाव आजही चालू असतं.

खातं दोघांच्या नावावर, दोघांपैकी कोणीही किंवा हयात असलेला, असं असेल तर एक गेल्यावर दुसरा पैसे काढू शकतो. नॉमिनीचा प्रश्न दोघंही गेल्यावर येतो. पण हयात खातेदार पैसे काढू शकतो म्हणजे मृताच्या वाट्याच्या रकमेचा तो एकटाच मालक झाला असंही नाही. तिथेही वारसांचा हक्क राहतो.

दुसरं काम: विम्याची नावं आधी बदला

बँकेच्या बाबतीत चूक झाली तरी मृत्युपत्र ती सावरू शकतं. विम्याच्या बाबतीत त्याची खात्री देता येत नाही. नॉमिनी आई आणि मृत्युपत्रात मात्र "विम्याची रक्कम पत्नीला" असं लिहिलं, तर आई कलम 39 वर बोट ठेवेल आणि पत्नी मृत्युपत्रावर. म्हणून विम्याचा पैसा ज्याला जायला हवा, त्याचंच नाव नॉमिनी म्हणून घाला. एकापेक्षा जास्त नावं आणि टक्केवारी देता येते. ऐरोलीच्या गृहस्थांनी पत्नी 75 टक्के आणि आई 25 टक्के असं केलं असतं, तर 30 लाख आणि 10 लाख अशी वाटणी झाली असती आणि आईही उघड्यावर पडली नसती. मुलगा किंवा मुलगी अज्ञान असेल तर रक्कम स्वीकारायला एका सज्ञान माणसाचं नावही द्यावं लागतं. अर्ज दिल्यावर बदल नोंदवल्याचं पत्र विमा कंपनीकडून घ्या आणि पॉलिसीला जोडून ठेवा.

नवीन पॉलिसी घेणाऱ्या विवाहित पुरुषाला आणखी एक वाट आहे. विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेच्या 1874 च्या कायद्याखाली पॉलिसी घेतली की ती पत्नी आणि मुलांसाठीचा ट्रस्ट होते. मग तिच्यावर एरवी ना धनकोंचा हक्क चालतो, ना इतर वारसांचा. मात्र हे पॉलिसी घेतानाच प्रस्तावासोबत करावं लागतं आणि पुढे आपल्या मर्जीने लाभार्थी बदलता येत नाहीत.

तिसरं काम: बँकेतलं नॉमिनेशन

इथे नॉमिनी असा निवडा, जो पैसे घेऊन योग्य माणसांना देईल. शक्यतो वारसांपैकीच एक. 1 नोव्हेंबर 2025 पासून ठेवींना चार जणांपर्यंत नावं देता येतात, एकाच वेळी टक्केवारीने किंवा एकामागून एक अशा क्रमाने. नॉमिनी नसेल तर बँक वारसांची कागदपत्रं मागते, आणि रक्कम मोठी असेल किंवा वाद असेल तर न्यायालयाचा उत्तराधिकार दाखला लागतो. त्यात महिने जातात, म्हणून नाव रिकामं ठेवू नका.

चौथं काम: मृत्युपत्र, नॉमिनेशनशी जुळणारं

मृत्युपत्राला स्टॅम्प पेपर लागत नाही, साधा कागद चालतो. करणाऱ्याची सही हवी आणि किमान दोन साक्षीदारांच्या सह्या हव्यात. साक्षीदारांनी त्याला सही करताना पाहिलेलं असावं. ज्याला काही मिळणार आहे त्याला साक्षीदार करू नका, पुढे संशयाला जागा राहते. नोंदणी सक्तीची नाही, तरी दुय्यम निबंधक कार्यालयात ती करून घ्यावी, म्हणजे कागद खोटा म्हणणाऱ्याचं काम अवघड होतं.

मजकुरात एक चूक फार होते. लोक ठेवीचा पावती क्रमांक लिहितात. वर्षाने ठेवीचं नूतनीकरण होतं, क्रमांक बदलतो, आणि मृत्युपत्रातली ठेव कागदोपत्री अस्तित्वातच राहत नाही. म्हणून असं लिहा: "अमुक बँकेच्या अमुक शाखेत माझ्या नावे माझ्या मृत्यूच्या दिवशी असलेली सर्व खाती व ठेवी, नूतनीकरण झालेल्यांसह, माझ्या पत्नीस मिळाव्यात." त्यानंतर "वर उल्लेख नसलेली माझी उर्वरित सर्व मालमत्ता" कोणाला, हेही लिहा. नॉमिनी वेगळा असेल तर सरळ नोंद करा: "या ठेवींवर नॉमिनी म्हणून माझ्या भावाचे नाव असले तरी त्याने रक्कम स्वीकारून माझ्या पत्नीस द्यावी." असं मृत्युपत्र असतं तर ऐरोलीतले 20 लाख पूर्णपणे पत्नीचे झाले असते.

मृत्यूनंतर नॉमिनी पैसे द्यायला नकार देत असेल तर

बँकेत जाऊन हरकतीचा अर्ज दिला म्हणजे पैसे थांबतील, असं समजू नका. दुसऱ्या कोणाच्या हक्काची नुसती नोटीस बँकेवर बंधनकारक नसते. न्यायालयाचा हुकूम मात्र बँकेला पाळावा लागतो. त्यामुळे भाऊ बँकेकडे पैसे मागणार असं कळताच वकिलाकडून नॉमिनीला लेखी नोटीस द्या, आणि दाद लागत नसेल तर दिवाणी न्यायालयात वाट्यासाठी दावा लावून मनाई हुकूम मागा. रक्कम आधीच उचलली गेली असली तरी हक्क संपत नाही. दावा मग नॉमिनीवर चालतो, बँकेवर नाही. पण पैसे खर्च झाल्यावर हुकूमनामा मिळूनही वसुली कठीण होते. म्हणून मृत्यूचा दाखला, नात्याचे पुरावे आणि ठेवींचा तपशील पहिल्या काही आठवड्यांतच गोळा करा.