अहवाल पाठवण्याआधी: कव्हरिंग मेलची तयारी

वडोदऱ्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या विमा सर्व्हेयरच्या ऑफिसात नुकसानीचा अंतिम सर्व्हे रिपोर्ट तयार झाला की 'फक्त मेल टाकायचाय' असं म्हणायला बंदी आहे. क्लेम बघणारा अधिकारी पन्नास पानं उघडण्याआधी मेल वाचतो, आणि मेलमधला आकडा रिपोर्टशी जुळला नाही तर फाईल तिथेच अडकते.

विषयात पॉलिसी नंबर, क्लेम नंबर, विमेदाराचं नाव, नुकसानीची तारीख आणि रिपोर्ट क्रमांक घाला. मग सारांश. त्यात आकड्यांचा क्रम मोडू नका. समजा, मकरपुरा जीआयडीसीतल्या कारखान्यात आग लागून एक मशीन पूर्ण जळालं. पॉलिसी बाजारभावावर आहे. तसंच मशीन आज नवं घ्यायला ८,००,००० लागतात (जीएसटीचं क्रेडिट मिळतं, म्हणून तो धरलेला नाही). वय ६ वर्षं, घसारा वर्षाला ५ टक्के, म्हणजे २,४०,००० वजा, उरले ५,६०,०००. भंगाराचे ६०,००० वजा केले की ५,००,०००. विम्याची रक्कम २० लाख, पण जोखमीवरच्या यंत्रांचं घसारा वजा जाता मूल्य २५ लाख, म्हणजे विमा कमी घेतलाय, म्हणून ८० टक्केच देय: ४,००,०००. शेवटी ५ टक्के एक्सेस, म्हणजे विमेदाराने स्वतः सोसायचा वाटा, २०,००० वजा. निव्वळ आकडा ३,८०,०००.

आता भंगार कमी विम्याच्या कपातीनंतर वजा करून पाहा: ४,४८,००० मधून ६०,००० गेले, ३,८८,००० उरले, एक्सेसनंतर ३,६८,६००. फरक ११,४०० रुपयांचा. म्हणून भंगार आधी की नंतर, हे मेलमध्ये शब्दांत लिहा. ते कोणाकडे राहतंय, हेही लिहा. विमा कंपनीच उचलणार असेल तर या हिशोबातून ते वजा होतच नाही.

भंगाराचे दर जोडताना एक गोष्ट बघाच. मोटरच्या वाइंडिंगमधलं तांबं आणि बॉडीचं बीड यांचा भाव वेगळा लागतो. 'मशीन, एकूण अमुक किलो' अशी ठोक कोटेशन आली असेल तर भंगारवाल्याला फोन करून दोन्ही वजनं वेगळी मागा. मालक 'भंगाराला जास्त भाव धरलात की काय, साहेब?' म्हणेल तेव्हा कागद दाखवता येतो.

घसाऱ्याचं वय खरेदीच्या बिलावरून धरा, मालकाच्या आठवणीवरून नको. जुनी दुरुस्ती करून सुटे भाग बदललेले असतील तर त्या भागांचं वय वेगळं. अशी बिलं मिळाली नसतील तर तसं रिपोर्टमध्येच लिहा. मेलमध्ये नवं स्पष्टीकरण काढू नका.

जोडण्या मोजा: रिपोर्ट, फोटो, हिशोबाचा तक्ता, भंगाराची कोटेशन, विमेदाराचं संमतिपत्र. रिपोर्टखाली सही आणि लायसन्स क्रमांक आहे ना, ते पाहा. अहवाल पॉलिसीच्या अटींना अधीन राहून आणि कोणाच्याही हक्काला बाध न आणता दिला आहे, ही ओळ राहू द्या. 'क्लेम मंजूर करावा' असं मात्र लिहू नका. तो निर्णय विमा कंपनीचा.